चंद्र अंगणात, वेळ मुंबईची

वाचकाचा प्रश्न

"आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सासूबाई आणि मी, दोघीही संकष्टी धरतो. माघातल्या संकष्टीला कॅलेंडरात चंद्रोदय ९.३२ छापला होता. मी नऊ-वीसला मागच्या वावराकडे पाहिलं, तर हरभऱ्याच्या पलीकडे चंद्र दिसत होता. अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि उपवास सोडला. सासूबाई म्हणाल्या, छापलेल्या वेळेआधी खाल्लंस, व्रत मोडलं. नणंद नागपूरला असते, तिच्याकडे म्हणे ९.०६ होते. मुलगा पुण्याला, त्याच्या मोबाइलवर ९.२८. पण तो व्हिडिओ कॉलवर माझा चंद्र पाहूनच जेवायला बसला. खरी वेळ कोणती धरायची? पावसाळ्यात आभाळ असलं की काय करायचं? आणि सासूबाईंना शुगरची गोळी असते, त्याही घड्याळाकडे बघत बसून राहतात."

उत्तर

ताई, तुमचं व्रत मोडलेलं नाही. तुमच्या वावरावर चंद्र उगवला होता, तुम्ही तो डोळ्यांनी पाहिला, अर्घ्य दिलं आणि मग जेवलात. संकष्टीला एवढंच हवं असतं. कॅलेंडरातले ९.३२ चुकीचे नाहीत, फक्त ते तुमच्या गावाचे नाहीत. ती मुंबईची वेळ आहे. नणंदेची वेळ नागपूरची आणि मुलाच्या मोबाइलवरची पुण्याची. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दारव्ह्याची यातली एकही नाही.

आधी संकष्टीचा चंद्राशी काय संबंध आहे ते पाहू, म्हणजे कोणती वेळ कुणाला लागू हे आपोआप कळेल. प्रत्येक महिन्यात दोन चतुर्थ्या येतात. शुद्ध पक्षातली विनायकी. तिची पूजा दुपारची, म्हणून त्या दिवशी मध्यान्हीला चतुर्थी आहे का ते पाहतात. वद्य पक्षातली संकष्टी. तिची पूजा चंद्रोदयाची, म्हणून चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात लिहिलेल्या धर्मसिंधूत हाच नियम आहे. म्हणूनच कधीकधी सकाळी कॅलेंडरात तृतीया दिसते आणि संकष्टी मात्र त्याच दिवशी असते. चतुर्थी दुपारी किंवा संध्याकाळी लागलेली असते आणि चंद्र उगवेल तेव्हा तीच चालू असते.

चंद्रोदय हा उपवास संपल्याचा भोंगा नाही, तो पूजेचाच भाग आहे. दिवसभर उपवास, संध्याकाळी आंघोळ करून गणपतीची पूजा आणि चंद्र उगवला की अर्घ्य: गणपतीला, चतुर्थी तिथीला आणि चंद्राला. पळीत पाणी, गंध, अक्षता आणि फूल घेऊन ते ताम्हणात सोडायचं. गणपतीच्या अर्घ्याच्या मंत्रात "कृष्णपक्षे चतुर्थ्यां तु संपूजित विधूदये" असे शब्द येतात. वद्य चतुर्थीला चंद्र उगवताना ज्याची पूजा होते, असा तो गणपती. चंद्र उगवलाच नाही तर हे अर्घ्य द्यायचं कुणाला? म्हणून जेवण त्यानंतर. आणि चंद्र कुणाचा, तर जो अर्घ्य देतो आहे त्याच्या क्षितिजावरचा. नागपूरच्या चंद्राला दारव्ह्यात बसून अर्घ्य देता येत नाही, तसंच मुंबईचा चंद्र उगवेपर्यंत दारव्ह्यात थांबायचं बंधनही कुठे नाही.

आता वेळा वेगळ्या का, ते पाहू. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो. पुढे रोज तो सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीपर्यंत तो दिवस मावळल्यावर दोन-तीन तासांनी दिसतो. कुठल्या महिन्यात आठ-सव्वाआठलाच येतो, कुठल्या महिन्यात दहा वाजून जातात. मागच्या संकष्टीची वेळ या संकष्टीला चालत नाही, आणि कालची आजलाही नाही.

हे झालं एका गावापुरतं. दोन गावांत फरक पडतो तो पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून. पूर्वेकडचं गाव चंद्रासमोर आधी येतं, पश्चिमेकडचं नंतर. पृथ्वीची एक फेरी ३६० अंशांची आणि दिवस २४ तासांचा, म्हणजे एका रेखांशाला ४ मिनिटं. चंद्र स्वतःही त्या वेळात किंचित पुढे सरकतो, म्हणून चंद्रोदयासाठी ४ मिनिटांपेक्षा जरा जास्त लागतात. देशभर घड्याळ मात्र एकच आहे, ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं. सूर्य-चंद्र त्या घड्याळाला बांधलेले नाहीत, म्हणून एकाच घड्याळावर गोंदियाचा चंद्र लवकर येतो आणि मुंबईचा उशिरा.

तुमच्या गावाचं गणित करून पाहा. मुंबई ७२.९ अंशांवर, दारव्हा सुमारे ७७.८ अंशांवर. फरक ४.९ अंश. त्याला ४ ने गुणलं की साडेएकोणीस, चंद्राच्या स्वतःच्या चालीचं जरासं मिळवलं की वीस मिनिटं. ९.३२ मधून वीस वजा केले की ९.१२. हा तुमचा चंद्रोदय. तुम्ही ९.२० ला पाहिलंत तेव्हा त्याला उगवून आठ मिनिटं झाली होती. तो क्षितिजापासून दोन अंशही वर आलेला नसणार, तांबूस आणि जरा मळकट दिसत असेल. मोकळं वावर आणि खाली बुटका हरभरा, म्हणूनच तो इतक्या लवकर दिसला. तिथे वितीवितीने वाढलेली पऱ्हाटी किंवा तूर असती तर आणखी थोडा वेळ लागला असता.

विदर्भातल्या इतर वाचकांसाठीही हे इथेच सांगते. कॅलेंडर मुंबईच्या वेळेचं असेल तर बुलढाण्याने सुमारे १४ मिनिटं वजा करावीत, अकोल्याने १७, अमरावतीने २०, यवतमाळने २२, वर्ध्याने २४, नागपूरने २६, चंद्रपूरने २७ आणि गडचिरोली-गोंदियाने ३० च्या आसपास. बुलढाणा आणि गोंदिया यांच्यातच पंधरा-सोळा मिनिटं पडतात. त्यामुळे "विदर्भासाठी नागपूरची वेळ धरा" हा सल्ला पश्चिम विदर्भात चालत नाही. नागपूरचे ९.०६ धरून खामगावच्या बाईंनी नैवेद्य दाखवला तर त्यांचा चंद्र अजून खालीच असतो.

आणि हे करण्याआधी आपलं कॅलेंडर कुठल्या गावासाठी आहे ते नक्की पाहा. बहुतेकांत मागच्या पानावर किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. काहींत संकष्टीच्या दिवशी वेगवेगळ्या शहरांच्या वेळांचा तक्ताच असतो. तो असेल तर जवळच्या शहराची वेळ घ्या आणि तुमचं गाव त्या शहराच्या पूर्वेला की पश्चिमेला, तेवढं पाहून दोन-चार मिनिटं इकडेतिकडे करा. दारव्ह्याला यवतमाळची वेळ घेतली तर दीड-दोन मिनिटं मिळवायची, इतकंच.

या हिशोबात एक बारीक खोच आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. फरक फक्त पूर्व-पश्चिमेचा नसतो, थोडा उत्तर-दक्षिणेचाही असतो. चंद्र वर्षभर बरोबर पूर्वेला उगवत नाही. आश्विनातल्या वद्य चतुर्थीला तो रोहिणी-मृगाच्या आसपास असतो आणि पूर्वेपासून बराच उत्तरेकडे, म्हणजे पूर्वेला तोंड केलं तर डाव्या हाताला उगवतो. चैत्रातल्या संकष्टीला अनुराधा-ज्येष्ठेच्या भागात असतो आणि उजवीकडे उगवतो. चंद्र उत्तरेकडे असताना उत्तरेकडच्या गावांना तो थोडा आधी दिसतो, दक्षिणेकडे असताना थोडा उशिरा. दारव्हा मुंबईपेक्षा सव्वा अंशच उत्तरेला आहे, म्हणून तुम्हाला हा फरक फार तर तीन मिनिटांचा. नागपूरला पाच मिनिटांपर्यंत जातो. दूरच्या गावांना मात्र तो मोठा होतो. अकोला आणि दिल्ली जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, तरी सध्याच्या वर्षांत आश्विनातला चंद्र दिल्लीला वीसेक मिनिटं आधी उगवतो आणि चैत्रात तितकाच उशिरा. म्हणून दिल्लीच्या वाहिनीवर "चाँद निकल आया" ऐकून आपल्याकडे ताट वाढू नये.

माघात चंद्र पूर्वेच्या जवळपासच उगवतो, त्यामुळे तुमचे ९.१२ मिनिटभराच्या फरकाने पक्के समजा. आश्विन-कार्तिकात आणि चैत्र-वैशाखात मात्र तीन मिनिटांची सूट ठेवा. म्हणजे काढलेल्या वेळेनंतर पाच मिनिटं थांबून अर्घ्य दिलं की वर्षभर कुठलीच शंका उरत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. चंद्र कुठे उगवतो ते महिन्यागणिक बदलतं, तेव्हा तुमच्या अंगणातून तो कधी दिसेल हेही बदलणार. हात समोर ताणून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. आश्विनात पूर्वेपासून डावीकडे तीन मुठींवर पाहा, चैत्रात उजवीकडे तीन मुठींवर. तेच बाभूळ माघात मध्ये येत असेल आणि आश्विनात येत नसेल.

कॅलेंडरातली वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजाची असते. गावात तसं क्षितिज क्वचितच मिळतं. समजा, शंभर मीटरवर नऊ मीटर उंच लिंबाचं झाड आहे. ते क्षितिजापासून पाच अंश वर येतं. चंद्राला एक अंश चढायला साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे त्या झाडाच्या शेंड्यावर यायला त्याला बावीस-तेवीस मिनिटं लागणार. हात ताणून मधली तीन बोटं आडवी धरली की पाच अंश होतात, हे माप लक्षात ठेवा. झाड तीन बोटं उंच दिसत असेल तर चंद्र वेळेपेक्षा वीस-बावीस मिनिटं उशिरा दिसेल. गंमत म्हणजे अशा अंगणात बसलेल्या माणसाला मुंबईची वेळ आपल्या गावाला अगदी बरोबर लागते असं वाटत राहतं. सासूबाईंचा छापील वेळेवर इतका विश्वास कदाचित यामुळेच बसला असेल. पुढच्या संकष्टीला त्यांना मागच्या धुऱ्यावर घेऊन जा आणि मुंबईची छापील वेळ झाली की बोटं धरून दाखवा. चंद्र तोवर जवळजवळ तीन बोटं वर आलेला असेल. माघात तसाच दिसला असता.

पण सासूबाईंचं चुकलं असं मात्र म्हणू नका, कारण त्यांच्या पद्धतीत व्रताला काहीच बाधा नाही. ९.३२ ला तुमच्याकडे चंद्र उगवून वीस मिनिटं झालेली असतात. तेव्हा अर्घ्य दिलं तरी ते चंद्रोदयानंतरचंच. तिथीही चंद्र उगवतानाची पाहायची असते, तुम्ही अर्घ्य दिलं त्या क्षणाची नाही. म्हणजे वीस मिनिटं थांबणं हा त्यांच्या मनाचा भाग, नियमाचा नाही. त्यांना थांबायचं असेल तर थांबू द्या, तुम्हीही थांबलात तर घरात एकत्र जेवण होईल. फक्त "आधी खाल्लंस, मोडलं" हे म्हणणं खरं नाही, एवढं त्यांना वावरात उभं राहून पटेल.

घोटाळा होतो तो उलट्या दिशेने, आणि तो तुमच्या मुलाकडे झाला आहे. पूर्वेकडच्या माणसाने पश्चिमेची वेळ पाळली तर उशीर होतो, तो चालतो. पश्चिमेकडच्या माणसाने पूर्वेची वेळ पाळली तर चंद्र उगवण्याआधीच उपवास सुटतो. पुणं तुमच्यापासून चार अंश पश्चिमेला आहे, तिथला चंद्र सोळा मिनिटं उशिरा येतो. मोबाइलवर तुमचा चंद्र ९.२० ला दिसत होता तेव्हा पुण्याच्या क्षितिजाखाली तो अजून आठ मिनिटं राहणार होता. त्याने मुद्दाम काही केलेलं नाही, आणि यावर मन खात बसण्याचं कारण नाही. पुढच्या वेळी त्याला फोनवर चंद्र जरूर दाखवा, पण त्याने अर्घ्य द्यायचं ते त्याच्या ९.२८ ला. त्याच्या मोबाइलने त्याला वेळ बरोबरच दिली होती. नागपूरच्या नणंदेशी बोलतानाही हेच: तिचा उपवास तुमच्या आधी सहा मिनिटं सुटणार, आणि तिने "झालं गं माझं" म्हटलं म्हणून तुम्ही उठायचं नाही.

मोबाइलवर वेळ पाहताना गावाचं नाव तपासा. कित्येकदा शहर आधीचंच राहून गेलेलं असतं, कुणाचं मुंबई, कुणाचं दिल्ली. चंद्रोदयाऐवजी चंद्रास्त वाचला जातो, हीही नेहमीची चूक. वेळ सकाळची दिसली तर समजा की तुम्ही अस्त पाहताय. वद्य चतुर्थीला चंद्र कधीच सकाळी उगवत नाही. सकाळी पश्चिमेला जो फिकट चंद्र दिसतो तो आदल्या रात्रीचा, मावळायला निघालेला.

क्वचित एखाद्या महिन्यात चतुर्थी नेमकी मुंबईच्या आणि नागपूरच्या चंद्रोदयाच्या मधल्या पंचवीस मिनिटांत लागते. तेव्हा दोन ठिकाणच्या पंचांगांत संकष्टीचा दिवसच वेगळा येऊ शकतो. अशा वेळी स्वतः गणित करू नका, तुमच्या भागाचं पंचांग किंवा गावचे गुरुजी सांगतील तो दिवस धरा.

आता आभाळाचं. आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात आपल्याकडे चंद्र ढगाआड असणं नेहमीचंच. अर्घ्य चंद्रोदयाला द्यायचं असतं, आणि चंद्रोदय ढग असले तरी होतोच. म्हणून आपल्या गावाची काढलेली वेळ झाली की दहा मिनिटं आणखी थांबा, तेवढ्यात ढग फाटले तर उत्तम. नाही फाटले तर चंद्र ज्या दिशेला असणार तिकडे तोंड करून अर्घ्य द्या आणि उपवास सोडा. काही घरांत पाटावर तांदळाचा चंद्र काढून त्याला गंधफूल वाहतात, तेही चालतं. मध्यरात्रीपर्यंत उपाशी बसून ढग सरकण्याची वाट पाहण्याची गरज नाही. झाडामागे अडकलेल्या चंद्रालाही हेच लागू आहे: उगवण्याची वेळ झालेली असेल तर तो शेंड्यावर येईपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. पण डोळ्यांनी पाहूनच अर्घ्य द्यायचं ही तुमच्या घरची रीत असेल आणि तब्येत धड असेल, तर ती रीत सांभाळा.

तब्येत म्हटल्यावर सासूबाईंचं. शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाने दिवसभर उपाशी राहणं आणि मग रात्री एकदम साबुदाण्याची उसळ, मोदक आणि भात खाणं, दोन्हीने साखर बिघडते. आधी उतरते, मग चढते. पुढच्या संकष्टीच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन दोन प्रश्न विचारा: उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती वाजता घ्यायची, आणि दिवसा काय खायचं. गोळी स्वतःहून पुढे ढकलू नका, बंदही करू नका. दिवसा भगर, ताक, शेंगदाणे, राजगिरा असं थोडं थोडं खाऊन उपवास धरणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. हात थरथरले, घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर चंद्राची वाट न पाहता लगेच साखर किंवा गूळ द्यायचा. त्या दिवशी त्यांच्या नावाचं अर्घ्य तुम्ही दिलंत तरी चालेल.

आणि एक छोटं काम आत्ताच करून टाका. कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवा: "दारव्हा – मुंबईच्या वेळेतून २० वजा, मग ५ मिनिटं थांबायचं." मुलालाही त्याच्या कॅलेंडरवर लिहायला सांगा: "पुणे – मुंबईच्या वेळेतून ४ वजा." कॅलेंडर बदललं की आधी ते कुठल्या गावाचं आहे ते पाहायचं आणि मगच हा आकडा नव्या पानावर उतरवायचा.